कॅबचे भाडे वाटताना सर्ज आणि टोल

मागणी वाढली की कॅबचे ॲप मूळ भाड्याला एका आकड्याने गुणते. यालाच सर्ज म्हणतात. केंद्र सरकारच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे भाडे मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. टोलचे मात्र तसे नाही. तो ठरावीक असतो आणि गर्दी कितीही असली तरी वाढत नाही. म्हणून आधी भाड्याला गुणायचे आणि टोल नंतर मिळवायचा.

अंधेरीहून तिघे एकाच कॅबने निघतात. नेहा वांद्र्याला उतरते, सुनील सी लिंक ओलांडून वरळीला आणि फरहान नरिमन पॉइंटला. हिशेबाच्या सोयीसाठी हे टप्पे 8, 6 आणि 10 किलोमीटरचे मानू. दर किलोमीटरला 20 रुपये धरले तर 24 किलोमीटरचे मूळ भाडे 480 रुपये. दीडपट सर्जने ते 720 होते. त्यात सी लिंकचा कारसाठीचा एकेरी टोल 100 रुपये मिळवला की बिल 820 चे.

बिल सरळ तिघांत वाटले तर प्रत्येकी सुमारे 273 रुपये येतात. पण नेहा एकटी आली असती, तर सर्जसह तिला 240 रुपयेच पडले असते. सोबत प्रवास करून जास्त पैसे जात असतील, तर वाटणीत चूक आहे.

त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने वाटणी करावी. सर्ज धरून किलोमीटरला 30 रुपये पडतात. वांद्र्यापर्यंतचे 240 रुपये तिघांचे, म्हणजे प्रत्येकी 80. पुढचे 180 रुपये दोघांचे, प्रत्येकी 90. शेवटचे 300 एकट्या फरहानचे. टोल नाक्यावर गाडीत सुनील आणि फरहान दोघेच होते, म्हणून टोलचे प्रत्येकी 50. नेहाचे झाले 80, सुनीलचे 220, फरहानचे 520. बेरीज बरोबर 820. एकटे आले असते, तर सुनीलला 520 आणि फरहानला 820 पडले असते. म्हणजे तिघांचाही फायदा झाला.

ही रीत नुसती व्यवहारातली नाही. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत कसा वाटावा, याचे असेच उत्तर लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी 1973 मध्ये मांडले. त्याचा आधार लॉइड शॅपली यांचे गणित होते.

सर्ज किती लागला, हे बिलावरून तपासताना आधी टोल वजा करावा. 820 मधून 100 गेले की 720 उरतात आणि त्यांना दीडने भागले की 480 मिळतात. टोलसकट भागले तर 547 येतात आणि मूळ भाडेच जास्त लावल्यासारखे वाटते. टोललाही सर्ज लावला असेल, तर याच प्रवासाचे बिल 870 रुपये दिसेल.

ही वाटणी तिघे एकाच वाटेवर असतानाच चालते. एखाद्याला सोडायला गाडी वळवावी लागली, तर त्या वळशाचा खर्च त्याच्याच नावावर टाकावा. बिलात किलोमीटरशी संबंध नसलेले ठोक शुल्क असेल, तर ते सर्वांत समान वाटावे.