बैठकीऐवजी चार ओळी

बैठकीचे निमंत्रण अनेकदा सरसकट पाठवलेले असते. बोलावणारा जुनी यादी उचलतो, किंवा कोणी राहून जायला नको म्हणून चार नावे जास्त घालतो. त्यामुळे नकार देण्याआधी एकच पाहावे: आपल्यावाचून अडेल असा एखादा निर्णय तिथे व्हायचा आहे का? निमंत्रणात विषयच दिलेले नसतील तर ते आधी विचारून घ्यावेत. निर्णय अडणार असेल, किंवा आपल्या विभागाच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नसेल, तर जावे.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभाग दर मंगळवारी चार ते पाच पुरवठादारांचा आढावा घेतो. लेखा विभागातल्या कर्मचाऱ्यालाही बोलावणे असते. तासभर बोलणे होते ते मालाच्या दर्जावर आणि उशिरावर. त्याच्या कामाच्या गोष्टी दोनच: कोणाचे बिल रोखायचे आणि कोणाची पैसे देण्याची मुदत बदलली. त्याने आधी स्वतःच्या साहेबांना विचारावे, कारण नाव कदाचित त्यांनीच सुचवलेले असते. मग खरेदीप्रमुखांना असे लिहावे:

‘सर, मंगळवारच्या बैठकीत मालाच्या दर्जाच्या चर्चेत माझा उपयोग नाही, म्हणून मी येत नाही. थकीत बिलांची यादी सोमवारी संध्याकाळी पाठवतो. कोणती बिले रोखायची आणि कोणाची मुदत बदलली, एवढे बुधवारी दुपारपर्यंत मेलवर कळवाल का? मधेच काही लागले तर मी जागेवर आहे, फोन करावा.’

यात ‘वेळ नाही’ हे कारण मुद्दाम टाळले आहे. ते दिले की समोरचा सौजन्याने बैठकीची वेळच बदलतो आणि मग नाही म्हणायला तोंड राहत नाही. दुसरे म्हणजे सगळे इतिवृत्त मागितलेले नाही. ते लिहिणे हे बोलावणाऱ्याच्या डोक्यावर नवे काम होते, आणि बहुधा ते येतच नाही. दोन नेमक्या प्रश्नांना तीन ओळींत उत्तर देता येते. शिवाय यादी आधी पोचल्याने बैठकीचेही काम अडत नाही.

नकार कॅलेंडरमध्येही नोंदवावा. आउटलुकमध्ये उत्तर न पाठवताही नकार देता येतो, पण मग बोलावणाऱ्याला त्याचा मेल जात नाही आणि तो वाट पाहत बसू शकतो. ‘कदाचित’वर बोट ठेवून गप्प राहणे तर त्याहून वाईट. दर आठवड्याची बैठक असेल तर आधी एका मंगळवारपुरताच नकार द्यावा. साऱ्या मालिकेला नकार द्यायची घाई नको.

पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. बुधवारचे उत्तर वेळेवर आले आणि बैठकीतून फोन आला नाही, तर मालिकेतून नाव काढून घ्यायला हरकत नाही. दर मंगळवारी साडेचारला फोन वाजू लागला, तर त्या बैठकीत त्याची गरज होती हे उघड आहे. पुढच्या मंगळवारी त्याने जाऊन बसावे.