विश्लेषण : ॲक्सिलरेटर दाबला की कारच्या स्पीकरमधून शिट्टी का येते?

गाडी सुरू केली, गाणं लावलं की मागे बारीक 'कुंईऽऽ' आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, पाय काढला की उतरतो. इंजिन बंद करून नुसता रेडिओ लावला तर सगळं शांत. अशा वेळी 'अल्टरनेटर गेला' म्हणून तो बदलला जातो आणि आवाज तसाच राहतो. कारण दोष अनेकदा एका अर्थिंगच्या बोल्टमध्ये असतो.

हा आवाज नेमका कशाचा?

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर एसी वीज तयार करतो. त्यातील डायोड ती डीसी करतात. मात्र ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असताना त्या सेकंदाला हजार-दीड हजार असू शकतात. वेग तिप्पट झाला की लहरीही तिप्पट होतात, म्हणून शिट्टी चढते.

दोष शोधायचा कसा?

समजा, डिकीत ॲम्प्लिफायर बसवल्यावर शिट्टी सुरू झाली. आधी इंजिन चालू ठेवून आवाज शून्यावर आणावा. शिट्टीही गेली, तर दोष रेडिओकडे किंवा त्याला जोडलेल्या फोनकडे आहे. फोन ऑक्सला आणि चार्जरलाही जोडलेला असेल, तर चार्जर काढून पाहावा. शिट्टी तशीच राहिली, तर ती रेडिओच्या पुढे शिरते आहे.

आता सिस्टीम बंद करून ॲम्प्लिफायरची आरसीए केबल काढावी आणि पुन्हा सुरू करावी. शिट्टी थांबली, म्हणजे ती या केबलमधून येत होती.

मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ॲम्प्लिफायरच्या अर्थिंग बोल्टला लावावं. गाणं चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा कमी आकडा हवा. इथे तो ०.४ आला, कारण बोल्ट रंगावरच आवळला होता. पत्र्याचा रंग खरवडून तो घट्ट केल्यावर आकडा खाली आला, शिट्टी पुसट झाली. कार्पेट उचलल्यावर उरलेलं कारण दिसलं : आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच जुडग्यात बांधली होती. आरसीए गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्यावर शिट्टी थांबली.

डायोडवर संशय कधी घ्यावा?

इंजिन थोडं रेस करून, हेडलाइट लावून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजावेत. ०.१ पर्यंत ठीक, ०.५ च्या आसपास किंवा जास्त असेल तर डायोड तपासून घ्यावा. त्याच गाडीची बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर संशय अधिक पक्का. इंजिन बंद असतानाही मीटर एसीवर मोठा आकडा दाखवत असेल, तर ते मीटर या कामाचं नाही.

बाजारात मिळणारा नॉइज फिल्टर शिट्टी दाबतो, पण बिघडलेला डायोड तसाच राहतो. आणि तपासणीच्या नावाखाली चालू इंजिनात बॅटरीची वायर काढू नये. त्या क्षणी व्होल्टेज उसळून गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते.