मेमरी संपल्यावर बळी कोणाचा?

रात्री दोन वाजता वेबसाइट बंद पडते. सकाळी पाहावे तर सर्व्हर चालू आहे, डिस्कवर जागा आहे, डेटाबेस मात्र गायब. `journalctl -k` या आज्ञेने लिनक्सच्या कर्नलची नोंदवही उघडली की एक ओळ सापडते:

```
Out of memory: Killed process 2143 (mariadbd)
```

डेटाबेस आपणहून कोसळलेला नसतो, कर्नलनेच त्याला मारलेले असते.

प्रोग्रॅम मेमरी मागताना सहसा जास्तच मागतात आणि त्यातली बरीचशी वापरत नाहीत. हे ठाऊक असल्यामुळे कर्नल जवळ आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करून बसतो. एरवी हे खपून जाते. पण सगळ्यांनी एकाच वेळी आपापला वाटा खरोखर वापरायला घेतला, की अडचण होते. कर्नल आधी फाइलींची कॅशे रिकामी करतो, स्वॅप असेल तर काही मजकूर तिकडे हलवतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर एक प्रोसेस निवडून तिला ठार करतो. हा घाव `SIGKILL` चा असल्यामुळे त्या प्रोसेसला आवराआवर करायलाही वेळ मिळत नाही.

निवडीचा हिशेब सरळ आहे. जी प्रोसेस सर्वांत जास्त मेमरी अडवून बसली आहे, तिला मारले की सर्वांत जास्त मेमरी सुटते. ती किती महत्त्वाची आहे, हे कर्नलला कळण्याचा मार्ग नाही. ते सांगायचे काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचे, आणि त्यासाठी प्रत्येक प्रोसेसला `oom_score_adj` नावाचा एक आकडा असतो. तो उणे 1000 पासून 1000 पर्यंत ठेवता येतो आणि मुळात बहुधा शून्य असतो. त्यातला एक अंक म्हणजे रॅम आणि स्वॅप मिळून होणाऱ्या एकूण मेमरीचा हजारावा भाग.

समजा, सर्व्हरला 4 जीबी रॅम आहे, स्वॅप नाही. म्हणजे एक अंक साधारण 4 एमबीचा. डेटाबेसने 1.8 जीबी घेतली आहे, त्याचे झाले 450 गुण. रात्रीचा अहवाल तयार करणारी स्क्रिप्ट फुगत फुगत 1.5 जीबीपर्यंत गेली, तिचे 375. मेमरी संपवली स्क्रिप्टने, पण गुण डेटाबेसचे जास्त, म्हणून मरतो तो. अहवाल तर सकाळी पुन्हा चालवता आला असता!

म्हणून स्क्रिप्टच वाढीव गुण देऊन सुरू करावी:

```
choom -n 500 -- python3 report.py
```

आता तिचे 875 गुण होतात आणि पाळी तिच्यावर येते. इथे 100 दिले असते तर 475 झाले असते, म्हणजे डेटाबेसपेक्षा जेमतेम 25 जास्त. डेटाबेस थोडा वाढला की गणित फिरले असते. स्वतःच्या प्रोसेसचा आकडा वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही, कमी करायला मात्र सहसा रूटचे अधिकार लागतात.

दुसऱ्या बाजूने डेटाबेसलाही थोडे संरक्षण देता येते. `systemctl edit mariadb` ही आज्ञा देऊन पुढील ओळी लिहाव्यात आणि सेवा पुन्हा सुरू करावी:

```
[Service]
OOMScoreAdjust=-300
```

चालू प्रोसेसचा आकडा थेट बदलला तर ती बंद होताच तो बदलही जातो, सेवेच्या फाइलीतला आकडा टिकतो.

उणे 1000 दिले की ती प्रोसेस निवडीतूनच बाहेर जाते. डेटाबेससाठी हा मोह आवरावा. उद्या डेटाबेसच मेमरी गिळू लागला, तर कर्नल त्याला हात न लावता वेब सर्व्हर आणि बाकीचे प्रोग्रॅम एकेक करून मारत सुटेल, आणि मारण्याजोगे कोणीच उरले नाही तर अख्खी मशीन बंद पडेल. शिवाय हा आकडा वारशाने पुढे जातो. संरक्षित प्रोसेसने सुरू केलेली प्रत्येक नवी प्रोसेस तेच संरक्षण घेऊन जन्मते. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना हे विशेष लक्षात ठेवावे लागते. त्याची मुख्य प्रोसेस प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस काढते. म्हणून मुख्य प्रोसेसला संरक्षण देऊन तिच्या पोटच्या प्रोसेसना पुन्हा शून्यावर आणण्याची सोय त्यात दिलेली आहे.

बदल लागू झाला का, हे `cat /proc/2143/oom_score_adj` ने दिसते, 2143 च्या जागी आपल्या प्रोसेसचा क्रमांक घालायचा. शेजारच्या `oom_score` मध्ये एकूण गुण असतात. नव्या कर्नलमध्ये जेमतेम मेमरी वापरणाऱ्या साध्या प्रोसेसचेही तिथे सुमारे 666 दिसतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये. दोन प्रोसेसमध्ये जास्त गुण कोणाचे, एवढेच पाहावे.

या आकड्याने मेमरी वाढत नाही. तीच स्क्रिप्ट रोज रात्री मरत असेल, तर तिचा मेमरीचा वापर कमी करावा किंवा सर्व्हरला रॅम वाढवून द्यावी.