लिऑनचा आवाज नक्की कोणाचा?

‘वागले की दुनिया’मध्ये शाहरुख खानने काम केलं होतं, असं कोणी म्हटलं की आज अनेकांना ती थाप वाटते. पण ते खरं आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या एका भागात वागलेंना गाडीची धडक देणारा तरुण म्हणजे शाहरुखच. हे तपासायला फार खटाटोप लागत नाही. तो भाग मिळवायचा आणि चेहरा पाहायचा. फक्त भाग जुन्या मालिकेतलाच हवा, कारण २०२१ मध्ये सब वाहिनीवर याच नावाने नवी मालिका आली आणि तिच्यातही अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या वेळी शाहरुख प्रसिद्ध नव्हता. त्यामुळे एका बड्या नटाने पाहुणा कलाकार म्हणून हजेरी लावली, हे वर्णन आपण मागाहून चिकटवलेलं आहे. तेव्हा तो कामाच्या शोधात असलेला एक होतकरू नट होता.

चेहरा दिसत असेल तिथे प्रश्न असा पटकन सुटतो. खरी कसोटी लागते ती पडद्यावर नट दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज येतो तेव्हा. याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेच्या ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र मालिकेत सापडतं. मायकेल जॅक्सनने तिच्यात खरंच काम केलं होतं का, हा तो प्रश्न. जॅक्सन मुळात गायक, पण पाहुण्या नटाची शहानिशा कशी करावी हे या प्रकरणाइतकं दुसरं कुठलं शिकवत नाही.

हा भाग १९ सप्टेंबर १९९१ रोजी प्रसारित झाला. नाव ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’. घरातला बाप होमर गुलाबी शर्ट घालून कामावर जातो, एवढ्यावरून त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. तिथे त्याला लिऑन कॉम्पोव्स्की नावाचा धिप्पाड माणूस भेटतो. हा लिऑन स्वतःला मायकेल जॅक्सन समजतो, त्याच्यासारखाच नाजूक आवाजात बोलतो आणि गातो. पुढे होमरच्या मुलीच्या वाढदिवसासाठी तो एक गाणंही रचतो.

तपासणारा माणूस पहिल्यांदा जातो शेवटच्या नामावलीकडे. तिथे जॅक्सनचं नाव नाही. लिऑनच्या आवाजासाठी ‘जॉन जे स्मिथ’ असं नाव येतं. अनेकांनी इथेच निकाल लावून टाकला, की हा कोणीतरी नकलाकार असणार. कथाही तेच सुचवते, कारण पात्रच मुळी जॅक्सनची नक्कल करणाऱ्याचं आहे.

पण नामावली म्हणजे साक्षीपुरावा नव्हे. करारानुसार जे नाव छापायची मुभा असते तेच तिथे छापलं जातं. जॅक्सनने स्वतःचं नाव वापरू दिलं नव्हतं आणि निर्मात्यांनाही तेव्हा त्याचा सहभाग जाहीरपणे मान्य करण्याची मोकळीक नव्हती. काही महिने आधी, एप्रिल १९९१ मध्ये, याच मालिकेत डस्टिन हॉफमनने एका बदली शिक्षकाला आवाज दिला होता आणि नामावलीत आला होता ‘सॅम एटिक’ म्हणून. या दोन प्रकारांनंतर निर्मात्यांनी नियमच केला, की पाहुण्याने खऱ्या नावाने यायचं, नाहीतर यायचं नाही. म्हणून या मालिकेच्या नामावलीवर किती भरवसा ठेवायचा, हे भाग कोणत्या वर्षाचा आहे त्यावर ठरतं.

नामावलीने दगा दिला की माणूस कानावर विसंबतो. इथे तर फसगत ठरलेलीच. भाग ऐकणाऱ्या बहुतेकांना वाटतं, बोलणं एखाद्या नकलाकाराचं असेलही, पण ते वाढदिवसाचं गाणं मात्र जॅक्सनशिवाय कोणी गाऊच शकत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बोलणं जॅक्सनचं आहे आणि गाणं किप लेनन या गायकाचं. रेकॉर्ड कंपनीशी असलेल्या करारामुळे जॅक्सनला दुसरीकडे गाता येत नव्हतं. गाणं त्यानेच लिहिल्याचं निर्माते सांगतात, पण गळा लेननचा. भागाच्या शेवटी लिऑन आपल्या मूळ, जाड्याभरड्या आवाजात बोलतो. तो आवाज मालिकेतला कायमचा कलाकार हँक अझारिया याचा. एका पात्राला तीन माणसांचे आवाज.

मग हे खरं कशावरून मानायचं? आधार आहे तो तिथे हजर असलेल्यांच्या सांगण्याचा. मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग, निर्माता जेम्स ब्रूक्स, हा भाग लिहिणारे अल जीन आणि माइक रीस यांनी पुढच्या काळात जॅक्सनच्या सहभागाबद्दल उघडपणे सांगितलं आहे. जॅक्सनने ग्रेनिंगला स्वतः फोन केला होता, संहितेचं वाचन झालं, मग ध्वनिमुद्रण झालं, असा सारा क्रम त्यात येतो. लेनन गात असताना जॅक्सन तिथेच उभा राहून त्याची मजा घेत होता, हेही आता ठाऊक आहे.

माझ्या मते या साक्षींचं वजन त्यांच्या संख्येमुळे वाढत नाही. वजन आहे ते त्यांनी दिलेल्या गैरसोयीच्या तपशिलामुळे. आपल्या मालिकेचा मोठेपणा मिरवायचा असता तर ‘जॅक्सन आमच्याकडे येऊन गायला’ असं सांगून ते मोकळे झाले असते. पण ते सांगतात की तो बोलला, गायला मात्र नाही. जो तपशील सांगणाऱ्याच्या फुशारकीला कात्री लावतो, तो सहसा रचलेला नसतो.

याउलट इंटरनेटवरच्या याद्या. आयएमडीबीसारख्या संकेतस्थळावरची पुष्कळ माहिती वाचकांनीच भरलेली असते. तिथे नटाच्या नावापुढे ‘अनक्रेडिटेड’ लिहिलेलं असेल, तर नामावलीत नाव नसूनही तो आहे असा कोणाचा तरी दावा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘आर्काइव्ह फुटेज’ लिहिलं असेल तर जुनं चित्रण वापरलंय. म्हणजे नट त्या मालिकेच्या सेटवर फिरकलाही नसेल. मग एखादं वर्तमानपत्र ती यादी पाहून बातमी देतं, आणि पुढे तीच बातमी यादीचा पुरावा म्हणून दाखवली जाते. दहा ठिकाणी तेच वाक्य दिसलं तर ती दहा मतं धरू नयेत. सगळ्यात जुनं वाक्य कुठलं आणि ते लिहिणाऱ्याला कसं कळलं, एवढं शोधलं तरी बराच गुंता सुटतो.

भागाचा क्रमांकही चकवतो. ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’चा निर्मिती क्रमांक `7F24`. हा क्रम दुसऱ्या पर्वाच्या कामातला, पण भाग दाखवला गेला तिसऱ्या पर्वाची सुरुवात म्हणून. एका यादीत दुसरं पर्व आणि दुसरीत तिसरं दिसलं, म्हणून कोणी तरी खोटं बोलतंय असं होत नाही. प्रसारणाची तारीख धरली की दोन्ही याद्या जुळतात.

आज हे सगळं स्वतः पडताळायचं तर अडचण वेगळीच आहे. २०१९ मध्ये जॅक्सनवरच्या आरोपांचा माहितीपट आल्यानंतर निर्मात्यांनी हा भाग प्रसारणातून काढून घेतला. डिस्ने प्लसवर मालिका सापडते, हा भाग सापडत नाही. तो नाही म्हणून जॅक्सनने कधी कामच केलं नाही, असा तर्क करणारेही भेटतात. तिसऱ्या पर्वाच्या जुन्या डीव्हीडी संचात मात्र तो आहे. त्यात लिऑनचं गाणं आणि शेवटचं त्याचं खरखरीत बोलणं लागोपाठ ऐकायला मिळतं, आणि नामावलीत आजही जॉन जे स्मिथच आहे.