पेनातला आकडा आणि कॉफीची चव

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जमिनीखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. माणिकडोह किंवा डिंभे धरणात साठते ते मुख्यतः पावसाचे वाहून आलेले पाणी. बोअरचे पाणी मात्र खडकाच्या भेगांत बराच काळ राहते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट विरघळवून घेते. म्हणूनच एकाच पुडीतली कॉफी दोन घरांत दोन चवींची लागू शकते.

पाणी तपासायला हल्ली टीडीएस पेन सहज मिळते. ते क्षार मोजत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला ठराविक गुणकाने गुणून पीपीएममध्ये आकडा दाखवते. याचा पडताळा वर्गात घेता येईल. आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवा. आकडा जवळपास हलणार नाही. चिमूटभर मीठ टाका. तो एकदम वर जाईल.

कॉफीच्या चवीसाठी दोन गोष्टी पाहायच्या : दुष्फेनता आणि अल्कता. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता. इथे ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. ती जास्त असेल, तर कॉफीतली आम्ले उदासीन होऊन चव सपक होते. अगदी कमी असेल, तर आंबटपणा टोचतो. सुमारे 40 ते 70 पीपीएम अल्कता कॉफीला मानवते. हे पेन सांगत नाही, चाचणीपट्टी सांगते. पट्टी क्षणभर पाण्यात बुडवावी आणि डबीवर दिलेल्या वेळेनंतर दिवसाच्या उजेडात रंग जुळवावा.

समजा, बोअरच्या पाण्यात पेनाने 480 दाखवले आणि पट्टीवर दुष्फेनता व अल्कता दोन्ही 250 आल्या. आरओच्या पाण्यात पेनाचा आकडा 30 आणि पट्टीवर दोन्ही जवळपास शून्य. आता एक पेला बोअरचे आणि चार पेले आरओचे पाणी मिसळले, तर अल्कता 250 चा पाचवा भाग, म्हणजे 50 होते. पेन 120 च्या आसपास दाखवेल. मिश्रणाची पट्टी घेऊन खात्री करावी. रंगांच्या पायऱ्या मोठ्या असल्याने उत्तर अंदाजेच असते. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी तर फसवतेच.

पाणी मृदू करणारे यंत्र बसवलेल्या घरी मात्र सावध राहावे. ते कॅल्शियम काढून सोडियम देते. दुष्फेनता शून्यावर येते, पण अल्कता आणि पेनाचा आकडा फारसे बदलत नाहीत. भांड्यावर पांढरा थर धरत नाही, कॉफी मात्र सपकच राहते.

शेवटी एक मर्यादा. पेनाला जंतू दिसत नाहीत, आणि शेतातून झिरपलेले नायट्रेट त्याला इतर क्षारांपासून वेगळे ओळखता येत नाही. कमी आकडा म्हणजे पिण्यास सुरक्षित पाणी, असा निष्कर्ष काढू नये. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.