ओळखीचं भांडवल: आधी मोजा, मग वापरा

गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "धंदा का सुरू करत नाही?" उत्तर ठरलेलं असतं, "ताई, भांडवल नाही." पण त्याच बाईला विचारलं, की तुला गावात ओळखणारी घरं किती, तर ती बोटांवर मोजायला लागते आणि बोटं संपतात. आज या दुसऱ्या भांडवलाविषयी बोलू. पैशासारखंच तेही मोजता येतं आणि जपून वापरलं नाही तर संपतंही. उदाहरणाला उडदाचे पापड घेऊ, कारण ते आपल्या हातातलं काम आहे.

पहिलं काम वहीत. चार रकाने पाडा. पहिल्यात भावकी आणि माहेरची माणसं. दुसऱ्यात शेजार आणि गल्ली. तिसऱ्यात आपला गट आणि ग्रामसंघ. चौथ्यात दूरची ओळख, म्हणजे अंगणवाडीच्या बाई, शाळेतल्या मॅडम, किराणा दुकानदार, एसटीत रोज भेटणारी नोकरदार बाई. आमच्या एका ताईंच्या वहीत अशी ६४ घरं निघाली. प्रत्येक नावापुढे त्यांनी एकच गोष्ट लिहिली, ती म्हणजे हे घर पापड घरी लाटतं की विकत घेतं. घरी लाटणारी घरं बाजूला काढल्यावर २० उरली. जवळच्या रकान्यांत माणसं पुष्कळ होती, पण विकत घेणारी घरं जास्त करून चौथ्या रकान्यात निघाली. ज्या बाईला वेळ नाही तीच विकत घेते, आणि ती बहुतेक आपल्या भावकीत नसते.

दुसरं काम नमुन्याचं. ताईंनी एक किलोचे पापड केले आणि त्या २० घरी चार-चार नेऊन दिले. "घ्या हो माझे पापड" असं त्या म्हणाल्या नाहीत. "तळून बघा, दोन दिवसांनी येते. मीठ, मिरी, हिंग कसं वाटलं ते सांगा," एवढंच म्हणाल्या. भिडेखातर घेतलेला पापड आणि आवडला म्हणून घेतलेला पापड यांतला फरक इथेच कळतो. ज्या घरानं काहीतरी खोट सांगितली तेच घर खरं गिऱ्हाईक होण्याची शक्यता जास्त. नुसतं "छान, छान" म्हणणारं घर कदाचित आपलं मन राखतंय.

तिसरं काम आगाऊ पैशाचं. १४ घरांनी प्रत्येकी एक किलो सांगितलं. भाव ठरला किलोला ३२० रुपये, त्यातले १५० आधी. म्हणजे ताईंच्या हातात २,१०० रुपये आले. डाळ, दळण, पापडखार, मिरी, हिंग, तेल आणि पिशवी धरून किलोला १९० रुपये खर्च येत होता, म्हणजे १४ किलोंना २,६६०. कमी पडले फक्त ५६० रुपये. ते त्यांनी आपल्या बचतीतून घातले, कर्ज काढलं नाही. ओळख भांडवल होते ती अशी. पापड हातात यायच्या आधी १५० रुपये देणारं घर आपल्या शब्दावर पैसे लावतं.

१९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, त्यातूनच पुढे लिज्जत उभी राहिली. पहिल्या दिवशी त्यांची चार पाकिटं झाली आणि ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पण देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आपणही हे ध्यानात ठेवू. ओळखीच्या माणसाकडे ऑर्डर मागायला लाजू नये, पण दया मागू नये.

आता खर्चाची एक बाजू बायका हमखास विसरतात. वाळवणाच्या दिवसांत शेजारणी एकमेकींकडे लाटायला जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ती रीत घरच्या पापडाची आहे. विकायच्या पापडाला शेजारणीला फुकट बसवलं, तर पहिल्या दिवशी ती हसत येते, दुसऱ्या खेपेला तिचं डोकं दुखतं. ताईंनी लाटणाऱ्यांना किलोला ५० रुपये दिले, एकूण ७०० झाले. विक्रीचे ४,४८० आले. त्यातून सामान आणि मजुरी वजा जाता १,१२० रुपये उरले. रक्कम लहान आहे, पण गल्लीत कुणाचं तोंड वाकडं झालं नाही आणि पुढच्या खेपेला लाटायला माणसं आहेत.

भांडवल गळतं ते दोन ठिकाणी. पहिली गळती उधारीची. "आपलेच आहेत, देतील," असं म्हणत बाकी राहते. वरच्या हिशेबात प्रत्येक घराकडे १७० रुपये बाकी होते. तीन घरांनी ते बुडवले तर ५१० गेले, म्हणजे जवळजवळ निम्मा नफा. शिवाय ते घर आपल्याला टाळायला लागतं, म्हणजे पैशाबरोबर माणूसही जातं. म्हणून पिशवी देतानाच बाकी घ्यायची आणि हा नियम सख्ख्या नणंदेलाही लावायचा. एकीला सूट दिली की गावभर कळतं.

दुसरी गळती मालाची. पापड नीट वाळला नाही तर पिशवीत बुरशी येते. खार जास्त पडला तर तळताना लालसर होतो आणि चव बिघडते. अनोळखी गिऱ्हाईक गप्प बसून दुसरीकडे जातं, ओळखीचं मात्र हळदीकुंकवाला चार जणींना सांगतं. म्हणून पिशवीवर केल्याची तारीख लिहा. तक्रार आली तर त्याच दिवशी पिशवी बदलून द्या आणि त्या तारखेच्या बाकी घरांना आपणहून विचारा. पिशवीवर गटाचं नाव घालणार असाल तर आधी बैठकीत ठराव करा, कारण नाव खराब झालं तर ते सगळ्यांचं होतं. खायचा पदार्थ विकताना अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्या.

गटातली एक गोष्ट मात्र भांडवल समजू नका. ती म्हणजे दुसरीच्या नावावर कर्ज. "तू तुझ्या नावानं उचल, हप्ता मी भरते," असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. हप्ता चुकला तर नोंद तिच्या नावावर पडते, आणि मग गट मोडायला वेळ लागत नाही.

धंदा उभा राहिला का, हे पहिल्या ऑर्डरीवरून कळत नाही. पहिली ऑर्डर कधी कधी नुसत्या नात्याची असते. ताईंनी वहीत आणखी दोन रकाने ठेवले: "पुन्हा मागितलं" आणि "कुणाकडून आलं". महिन्याभरात १४ पैकी सहा घरांनी पुन्हा मागितलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून ताईंना न ओळखणारी पाच घरं आली. ही ११ घरं म्हणजे खरा धंदा. पुन्हा मागणारी दोन-तीनच असती आणि नवीन कुणी नसतं, तर माल वाढवायच्या आधी चव, भाव नाहीतर जिन्नस बदलावा लागला असता.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीला येताना चार रकान्यांची वही भरून आणा. प्रत्येक नावापुढे ते घर काय विकत घेतं एवढंच लिहा. काय बनवायचं ते आपण त्यावरून ठरवू.