निक्षेप निधी : कागदावरचा आणि बँकेतला



सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेच्या ताळेबंदात ज्या रकमेकडे सभासदांचे सहसा लक्ष जात नाही, त्या निक्षेप निधीविषयी, म्हणजेच सिंकिंग फंडाविषयी, मी आज बोलणार आहे. देखभाल शुल्क चालू खर्चासाठी असते. पहारेकरी, सफाई, जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप यांवर ते त्याच वर्षी खर्च होते. निक्षेप निधी हा इमारतीच्या वार्धक्यासाठी राखलेला पैसा. म्हणून तो उत्पन्नात न धरता ताळेबंदात देण्यांच्या बाजूस दाखवतात.

आपल्या इंदूरमधील संस्थांना मध्य प्रदेशचा कायदा व स्वतःचे उपविधी लागू असतात. तथापि, प्रमाण म्हणून महाराष्ट्राचे २०१४चे आदर्श उपविधी पाहू. जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम-खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का, असा तेथे निकष आहे. बांधकाम-खर्च १२ लाख असेल, तर वर्षाला ३,००० म्हणजे महिन्याला २५० रुपये होतात.

आता २० सदनिकांची एक कल्पित संस्था घेऊ. दरमहा देखभाल शुल्क १,५०० व निधी २५० रुपये. वर्षाची शुल्क-आकारणी ३,६०,००० आणि खर्च ३,४०,०००. उत्पन्न-खर्च पत्रक २०,००० रुपयांचा वाढावा दाखवते, निधीतही ६०,००० जमा दिसतात आणि सभा समाधानाने पार पडते.

परंतु चार सभासदांनी वर्षभर काहीच भरलेले नाही. त्यांची थकबाकी ८४,००० रुपये. आकारणी होताच रक्कम उत्पन्नात धरली जाते, मग ती हाती येवो वा न येवो. प्रत्यक्षात शुल्कापोटी आले २,८८,००० रुपये. खर्चास ५२,००० कमी पडले. ते कोठून आले? उरलेल्या सोळा जणांनी निधीसाठी दिलेले ४८,००० आणि मागील शिलकेतील ४,००० यांतून. इमारतीच्या म्हातारपणाची पुंजी पहारेकऱ्याच्या पगारात गेली आणि एकही नोंद खोटी नव्हती!

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. देण्यांच्या बाजूचा निधीचा आकडा आणि मालमत्तेच्या बाजूस त्याच निधीच्या नावे असलेली मुदत ठेव शेजारी ठेवून पाहावीत. या दोहोंतील अंतर सभासदांकडून निधीपोटी येणे असलेल्या रकमेएवढेच, म्हणजे आपल्या उदाहरणात १२,००० रुपये, असावे. त्याहून अधिक असेल, तर निधी अन्यत्र वापरला गेला, असे समजावे.

उपाय पावतीपासून सुरू होतो. प्रत्येक पावतीत शुल्क व निधी वेगळे लिहावेत आणि निधीचा भाग त्याच महिन्यात स्वतंत्र खात्यात टाकावा. मग चालू खात्यातील तूट वर्षअखेरपर्यंत झाकली न राहता पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसते आणि थकबाकी लहान असतानाच मागणीपत्र देता येते. थकबाकीची यादी किती महिन्यांची याप्रमाणे लावावी आणि व्याज उपविधींतील दरानेच आकारावे. उपरोक्त आदर्श उपविधींत ते सरळ व्याज असून व्याजावर व्याज चढवता येत नाही.

वार्षिक सभेत वाढावा किती, हे आपण विचारतोच. त्याबरोबर निधीच्या ठेव-पावत्याही पाहण्यास मागाव्यात.